लग्नाच्या आदल्या रात्री लेकीच्या हाती द्यायचे पत्र

प्रश्न

मी 61 वर्षांचा आहे. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. भांडुपला माझ्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे, भुयारी मेट्रोच्या कामावर होती. तीन आठवड्यांनी तिचे लग्न आहे. आदल्या दिवशी तिला एक पत्र द्यावे असे फार मनात आहे, कारण समोर बसून बोलणे मला जमत नाही. पाच पाने लिहिली. पत्नी म्हणते, ही सूचनांची यादी झाली. धाकटा मुलगा म्हणतो, ताई वाचून रडेल आणि लग्नात डोळे सुजलेले दिसतील. जावई वेगळ्या जातीतले आहेत. सुरुवातीला मी विरोध केला आणि चार महिने तिच्याशी बोललो नाही. ते पत्रात लिहावे का? तिचा अभिमान वाटतो हे रडारड न करता कसे सांगावे? आणि सुरुवात 'चि. सौ. कां.' अशीच करावी लागते का? मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर

तुमच्या मसुद्यातील चौथ्या पानाच्या तळाशी एक वाक्य आहे, आणि ते तुम्ही नंतर पेनाने अर्धवट खोडले आहे. 'पहिल्या रात्रपाळीहून तू सकाळी घरी आलीस तेव्हा बूट दाराशी वर्तमानपत्रावर काढून ठेवलेस, मी ठेवत असे तसे.' हे वाक्य तुम्ही का खोडले असेल याचा मी बराच विचार केला. बहुधा लग्नाच्या पत्रात बुटांचा उल्लेख शोभणार नाही असे तुम्हाला वाटले असावे. माझे मत नेमके उलट आहे. उरलेली पावणेपाच पाने बाजूला ठेवावीत आणि पत्राची सुरुवात या वाक्याने करावी.

त्याचे कारण असे की, या एका वाक्यात तुम्हाला जे सांगायचे आहे ते सगळे आधीच आले आहे. वर्कशॉपमधून परतल्यावर तेलाने माखलेले बूट घरभर फिरू नयेत म्हणून तुम्ही वर्षानुवर्षे दाराशी कागद पसरत होतात. हे तिला कोणी शिकवले नव्हते. ती ते पाहत होती, आणि स्वतः चिखलाने भरलेले बूट घालून घरी आली तेव्हा तिचा हात आपोआप वर्तमानपत्राकडे गेला. तिने तुमच्या कामाकडे कोणत्या नजरेने पाहिले हे तुम्हाला त्या सकाळी कळले, आणि तुम्हाला ते कळले आहे हे तिला अजून ठाऊक नाही. पत्र लिहायचे ते याचसाठी. पदवी, नोकरी आणि पगार यांचा उल्लेख केलात तर त्यात तिला नवे असे काहीच मिळणार नाही, कारण त्या गोष्टी तिनेच मिळवल्या आहेत आणि त्यांचे कौतुक तिने पुष्कळ ऐकले आहे. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेली ती स्वतः मात्र तिला दुसऱ्या कोणाकडूनही कळणार नाही.

तेव्हा त्या सकाळीच थोडे थांबा आणि आठवेल तेवढे लिहा. किती वाजले होते, दार कोणी उघडले, ती काही बोलली का, तुम्ही काय म्हणालात. तुम्ही काहीच म्हणाला नसाल तर तसेच लिहा. तुमच्या मसुद्यातील तपशिलावरून मी एक परिच्छेद जुळवून पाहिला आहे. त्यात जे घडले नसेल ते काढून टाका आणि तुम्ही घरी बोलता तसेच राहू द्या: 'त्या दिवशी सकाळी दार मीच उघडलं. तू फार दमली होतीस. बूट काढलेस, पेपर पसरलास, त्यावर ठेवलेस आणि आत गेलीस. मी तिथंच उभा होतो. आपल्या कामाचा मान कसा राखायचा ते तुला येतं, एवढं त्या दिवशी मला कळलं. तेव्हा मी फक्त चहा ठेवू का, असं विचारलं. बाकीचं आज लिहितो आहे.' या सात वाक्यांत 'अभिमान' हा शब्द एकदाही आलेला नाही. हवा असेल तर पत्रात पुढे कोठेतरी तो एकदा लिहा, पण प्रसंग सांगून झाल्यावर. आधी लिहिला तर तो दाखल्यावरच्या शेऱ्यासारखा वाचला जातो.

रडारड टाळण्याबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचा संबंधही याच्याशी आहे. पत्र भडक होते ते माया जास्त झाली म्हणून नव्हे. जी वाक्ये कोणत्याही मुलीला लिहिता येतील अशी वाक्ये त्यात साठली की ते भडक होते. मसुदा घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्यात आपल्या मुलीच्या जागी शेजाऱ्यांच्या मुलीचे नाव घालून वाचा. 'तू घराण्याचे नाव उज्ज्वल केलेस' हे वाक्य तिच्याही नावाने तितकेच चालते, म्हणून ते काढा. 'तू आमच्या अंगणातली तुळस आहेस' हेही काढा. भांडुपच्या दुसऱ्या मजल्यावर अंगण नाही हे तिलाही ठाऊक आहे. बुटांचे वाक्य मात्र दुसऱ्या कोणाला लागू होत नाही, म्हणून ते टिकते. या चाळणीतून तुमच्या पाच पानांपैकी सुमारे दीड पान उरेल, आणि फुलस्केप कागदाच्या दोन बाजू भरतील इतके पत्र अगदी पुरेसे असते.

आता मसुद्यातील तीन वाक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती केवळ अनावश्यक नाहीत, तर मला ती अयोग्य वाटतात.

पहिले वाक्य, 'मुलगी म्हणजे परक्याचे धन, इतकी वर्षे सांभाळलेली ठेव उद्या मी परत करत आहे.' असे लिहिताना तुमच्या मनात नम्रता असेल, हे मी समजू शकतो. परंतु ठेव परत केली की व्यवहार संपतो, आणि तुम्हाला काहीच संपवायचे नाही. उद्या झालीच्या वेळी, डोक्यावर दिव्यांची वेळूची झाल धरली जाईल आणि मुलगी सांभाळा असे सासरच्या मंडळींना सांगितले जाईल, तेव्हा डोळे भरून येतील ते येतील. तो विधी त्यासाठीच आहे आणि तो आपले काम नीट करतो. तेच काम पत्राने आदल्या रात्री पुन्हा करण्याची गरज नाही. शिवाय मसुद्यात तुम्ही लिहिले आहे की तिचे सासर ठाण्याला आहे. भांडुपहून धीम्या लोकलने ते तिसरे स्टेशन. 'घर ओस पडेल' आणि 'तुझी आई रात्र-रात्र जागी असते' ही वाक्ये वाचून तिला तुमची माया कळण्याऐवजी आपण आईला त्रास देऊन चाललो आहोत असे वाटेल, आणि मुहूर्ताच्या आदल्या रात्री हे ओझे तिच्यावर टाकू नये. तिच्या आईला जे सांगायचे असेल ते तिने स्वतः सांगावे. तुमच्या पत्रात 'आम्ही' असू नये, 'मी' असावे.

दुसरे वाक्य मला सर्वांत अधिक खटकले. 'संसारात कमी-जास्त होतेच, सहन करायला शीक, दोन्ही घरांचे नाव राख.' घरोघरी बोलले जाणारे हे वाक्य आहे आणि ते बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. पण कागदावर लिहिलेले वाक्य जपून ठेवले जाते. देवाच्या कृपेने तिचा संसार सुखाचा होईल तर या वाक्याचा तिला काही उपयोग नाही. पुढे कधी खरोखर वाईट दिवस आले, तर मात्र हेच वाक्य तिला आठवेल आणि भांडुपला फोन करावा की नाही या विचारात ती थांबेल. आपल्या वडिलांनी लेखी सांगितले आहे की सहन करावे, असे तिला वाटेल. ज्या वाक्याचा उपयोग फक्त वाईट काळात होणार आहे, ते वाईट काळातच वाचले जात आहे असे समजून लिहावे. तेव्हा त्याच्या जागी असे काही लिहा: 'कधीही, कोणत्याही कारणानं, कारण न सांगतासुद्धा घरी यावंसं वाटलं तर ये. तुझी लॅचची किल्ली मी परत घेणार नाही.' आणि किल्ली खरोखर परत घेऊ नका. पत्रात दिलेले वचन पाळायला सोपे आणि डोळ्यांना दिसणारे असावे, म्हणजे त्यावर विश्वास बसतो.

याच ओघात एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो, कारण 'हे घर तुझेही आहे' असे तुम्ही मसुद्यात दोनदा लिहिले आहे. ते अवश्य लिहा, परंतु ते लिहिताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठरवा. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना, तसेच आई हयात असल्यास तिलाही, सारखा वाटा मिळतो आणि मुलीचे लग्न झाल्याने त्यात काही कमी होत नाही. तुमच्या मनात याहून वेगळी वाटणी असेल तर त्यासाठी मृत्युपत्र करावे लागते, ज्यावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या लागतात. लेकीला लिहिलेले मायेचे पत्र हे काम करू शकत नाही. सोसायटीत केलेले नामनिर्देशनही मालकी ठरवत नाही; त्यामुळे सोसायटीला सभासदत्व कोणाच्या नावे करायचे एवढे कळते, वारसांचे हक्क त्याने बुडत नाहीत. म्हणून वाट्याचा विषय पत्रात आणू नका. तो घरातील सर्वांसमोर, लग्नाची गडबड ओसरल्यावर बोला. पत्रातील 'घर' म्हणजे दार, किल्ली आणि तिची खिडकीजवळची जागा एवढेच असू द्या.

तिसरे वाक्य त्या चार महिन्यांबद्दल आहे. तुम्ही लिहिले आहे, 'झाले गेले मी सर्व विसरलो आहे, तूही विसर.' हे वाक्य पुन्हा एकदा तिच्या जागी बसून वाचा. 'झाले गेले विसरलो' असे कोण म्हणते? ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो म्हणतो, अपराध करणाऱ्याला. तिने अपराध केला होता का? एका सज्ञान मुलीने आपल्या पसंतीचा जोडीदार निवडला आणि तो वेगळ्या जातीचा होता, एवढेच घडले. बोलणे तुम्ही थांबवले होते. मसुद्यावरून दिसते की तुम्हाला हे मनोमन कळले आहे, कारण पुढच्याच ओळीत तुम्ही जावयांच्या शांतपणाचे कौतुक केले आहे. मग ते सरळ लिहा: 'त्या चार महिन्यांत मी तुझ्याशी बोललो नाही, ते माझं चुकलं.' यापुढे कारणे नकोत, भावकी काय म्हणेल याची भीती होती हे सांगणे नको, आणि 'मला माफ कर' असेही नको. माफी मागितली की उत्तराची वाट पाहणे ओघाने येते, आणि हळदीच्या अंगाने बसलेल्या मुलीकडून आदल्या रात्री उत्तर मागणे बरे नाही.

मात्र हे वाक्य तिला प्रथम पत्रातच वाचायला मिळू नये असे मला वाटते. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. समोर बसून बोलणे जमत नाही असे तुम्ही म्हणता, पण समोरासमोर बसण्याची गरजही नाही. पत्रिका वाटायला किंवा केळवणाला दोघे बरोबर जाल, तेव्हा ट्रेनमध्ये खिडकीकडे पाहत, चालता चालता, एवढे एकच वाक्य बोलून टाका. ती काही बोलली नाही तरी चालेल. बोललेले वाक्य पत्रात पुन्हा आले की ते जपून ठेवता येते. न बोललेले वाक्य पत्रात प्रथम आले की समोर यायचे टाळले असे वाटण्याची शक्यता असते. जावयांबद्दलही एक ओळ पुरे. 'शांत स्वभावाचे आहेत' यापेक्षा तुम्ही त्यांना काय करताना पाहिले ते लिहा. विरोध चालू असतानाही ते तुमच्या पत्नीला दवाखान्यातून घरी सोडायला आले होते, हे तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिले आहे, तेच घ्या.

मायन्याविषयी. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, आणि ते लग्नपत्रिकेत रूढ आहे. घरच्या पत्रात ते लिहावेच असा कोणताही दंडक नाही. चिरंजीव या शब्दात तिला दीर्घायुष्य मिळावे एवढा आशीर्वाद आहे आणि तो तिचा स्वतःचा आहे. सौभाग्यकांक्षिणी या शब्दात तो पतीशी बांधला जातो. मी तुमच्या जागी असतो तर 'चि.' आणि त्यापुढे घरी ज्या नावाने हाक मारता ते नाव, खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद', एवढेच लिहिले असते. पत्रिकेवरचे पूर्ण नाव लिहू नका. शेवटी 'तुझे बाबा' किंवा ती जी हाक मारते ती. वर उजवीकडे 'भांडुप' आणि तारीख घालायला विसरू नका; वीस वर्षांनी त्या दोन शब्दांना किंमत येते.

पत्र हातानेच लिहा. अक्षर चांगले नसेल तरी हरकत नाही. बाबांचे अक्षर वाईट आहे हे तिला माहीत असते. आधी वहीच्या मागच्या पानांवर कच्चे लिहा, दोन दिवस ठेवा, मग स्वच्छ उतरवा. वाचकांपैकी ज्यांच्या मुली इंग्रजी माध्यमात शिकल्या आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईत अशा अनेक मुली सफाईने मराठी बोलतात, पण हाताने लिहिलेले देवनागरी अक्षर अडखळत वाचतात. त्यासाठी इंग्रजीत लिहू नये, कारण वडिलांचा आवाज त्यात राहत नाही. अक्षरे मोठी व सुटी काढावीत, ओळींत जागा सोडावी आणि जोडाक्षरांनी भरलेले पुस्तकी शब्द टाळावेत. ज्यांना लिहिणे अवघड जाते त्यांनी बोलून दुसऱ्याकडून लिहून घेतले तरी चालते, फक्त लिहिणाऱ्याने वाक्ये सुधारू नयेत आणि सही मात्र स्वतःची असावी.

देण्याच्या वेळेबद्दल तुमच्या मुलाची काळजी योग्य आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असते, पाहुणे असतात, हातावर मेंदी ओली असेल तर पाकीट उघडणेही शक्य नसते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे केस आणि मेकअप करणारी बाई येऊन बसते. रात्री अकरा वाजता, दहा बहिणी एकाच खोलीत झोपलेल्या असताना दिलेले पत्र तिला न्हाणीघरात उभे राहून वाचावे लागेल. त्यापेक्षा त्या दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर आणि हॉलवर निघण्यापूर्वी, घरात थोडी सामसूम असते ती वेळ गाठा. पाकीट तिच्या हाती द्या, 'सवडीनं वाच' एवढेच म्हणा आणि तेथून उठा. वाचून झाले का, कसे वाटले, असे विचारू नका. ती त्याच रात्री वाचेल किंवा महिन्याने ठाण्याच्या घरी कपाट लावताना वाचेल. काही मुली अशा पत्राविषयी कधीच बोलत नाहीत, आणि त्याचा अर्थ पत्र पोहोचले नाही असा होत नाही. ते हॉलमध्ये माइकवर वाचून दाखवण्याचा आग्रह कोणी धरलाच तर स्पष्ट नकार द्या, आणि त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू देऊ नका.

एक शेवटची सूचना. तुमच्या मसुद्यात ता. क. नाही, ती जरूर घाला, आणि तिच्यात अगदी साधे, कामाचे काहीतरी लिहा. मोठे बोलून झाल्यावर घरातले माणूस नेहमीच्या आवाजात बोलू लागते, तसे ते वाचताना वाटेल. तिची बदली पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर होणार आहे असे तुम्ही लिहिले आहे. तर लग्नाच्या आठवड्यात एखाद्या दुपारी तिचे साइटचे बूट घासून पुसून ठेवा, आणि पत्राच्या तळाशी लिहा: 'ता. क. तुझ्या बुटांना नव्या लेस घातल्या आहेत. ठाण्याला न्यायच्या बॅगेत तळाला ठेवले आहेत, पेपरात गुंडाळून.'